बेरीज प्लसमध्ये, पण पेशंट कोरडाच: आय-ओ चार्ट कसा भरावा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांचे पेशंट येतातच. अशीच एक काल्पनिक केस धरू: केळीच्या बागेत मजुरीला जाणारी, ५० किलो वजनाची बाई. सलाईन चालू आहे, कॅथेटर घातलं आहे. तिच्या शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं, ते आय-ओ म्हणजे इनटेक-आउटपुट चार्टवर मांडायचं आहे.

आधी तिचा पाण्याचा ग्लास मेजरिंग जारने मोजा. घरून आणलेला स्टीलचा ग्लास १८० मिलीचाही निघतो, २५० चाही. नातेवाइकांना सांगा, “मावशी, त्या प्यायल्या की लगेच किती ग्लास ते लिहून ठेवा, आणि बेडपॅन मला दाखवल्याशिवाय ओतू नका.” वॉर्डातला निम्मा हिशेब बाथरूममध्येच वाहून जातो. ताक, पेज, ओआरएस इनटेकमध्ये येतं. कळण्याची भाकरी नाही. सलाईन लावलं तेव्हा नव्हे, जेवढं आत गेलं तेवढंच लिहायचं. चादरीवर जुलाब झाला तर ओल्या चादरीच्या वजनातून कोरड्या चादरीचं वजा करा; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. लघवी दर तासाला युरोमीटरमध्ये, डोळ्याच्या रेषेत वाचायची. जे मोजता आलं नाही तिथे अंदाजाचा आकडा टाकू नका, ‘मोजलं नाही’ असं लिहा.

आता सकाळी ८ ते दुपारी २ चा हिशेब. सलाईनची पहिली ५०० मिलीची बाटली संपली, दुसरीत १०० उरलं, म्हणजे ९०० आत गेलं. ओआरएसचे १८० मिलीचे तीन ग्लास, म्हणजे ५४०. इनटेक १४४०. उलटी २००, जुलाब ७००, लघवी १६०, आउटपुट १०६०. शिल्लक अधिक ३८०.

बरेच विद्यार्थी इथे पेन खाली ठेवतात. पण ती लघवी तासागणिक बघा: ४०, ३५, ३०, २२, १८, १५. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे हिला २५ मिली. ती अकरानंतर खाली गेली. घाम आणि श्वासातून गेलेलं पाणी चार्टवर येत नाही, आणि ताप किंवा उन्हाळा असेल तर ते वाढतं. शिवाय ती आली तेव्हाच शरीरात तूट होती, ती या बेरजेत धरलेलीच नाही. म्हणून शिल्लक प्लस असूनही बाई कोरडी असू शकते.

लघवी कमी दिसली की आधी नळी दुमडली आहे का, पिशवी मूत्राशयाच्या खाली आहे का, ओटीपोट फुगलंय का ते पाहा. नळी मोकळी असेल तर नाडी, बीपी, श्वास आणि जीभ तपासा. सलग दोन तास २५ च्या खाली म्हणजे डॉक्टरांना कळवायचंच. इथे एक वाजताच फोन जायला हवा होता, आणि नाडी वेगात असेल तर त्याही आधी. सलाईनचा वेग स्वतःहून वाढवू नका. कमी लघवीसोबत दम लागत असेल तर पाणी फुप्फुसात साचत असेल, तिथे जास्त सलाईन घात करेल.

कळवताना आकडेच बोला: “सर, ५० किलो, लघवी गेल्या दोन तासांत २२ आणि १८, नळी मोकळी, नाडी ११८, बीपी ९६/६०, श्वास २०, छाती मोकळी.”