वॉरफरिन घेताना या चुका टाळा: चुकलेली गोळी आणि लपवलेली माहिती

वॉरफरिन रक्त थेट पातळ करत नाही. रक्त गोठवणारे जे घटक यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार करते, त्यांची निर्मिती ते मंदावते. आधीचे घटक संपायला काही दिवस लागत असल्यामुळे आजच्या गोळीचा परिणाम आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्यात, साधारण दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. हा विलंब लक्षात न घेतल्यानेच बहुतेक चुका होतात.

एक उदाहरण पाहू. रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर कित्येक महिने 2.5 च्या आसपास आहे आणि त्याची ठरवून दिलेली मर्यादा 2 ते 3 आहे. रविवारी आणि सोमवारी गोळी राहून जाते, बुधवारच्या तपासणीत आयएनआर 1.7 येतो, आणि डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण त्याबद्दल काहीच बोलत नाही. मात्रा कमी पडते आहे असे समजून डॉक्टर ती 5 मिलिग्रॅम करतात. दोन आठवड्यांनी आयएनआर 4.2 होतो आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागते. मूळची मात्रा बरोबरच होती. चुकलेल्या दोन गोळ्या तेवढ्या सांगायला हव्या होत्या.

म्हणून घेतलेल्या प्रत्येक गोळीची कॅलेंडरवर खूण करा आणि तपासणीला जाताना ते सोबत न्या. गोळी त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती सोडून द्या, नेहमीची एकच गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि भरपाई म्हणून दोन गोळ्या कधीही एकत्र घेऊ नका. सलग दोन दिवस चुकले, किंवा हृदयात कृत्रिम धातूची झडप असेल, तर पुढच्या तपासणीपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवा.

पालेभाजी पूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेकांना आप्तांकडून मिळतो. तो चुकीचा आहे. मात्रा तुमच्या नेहमीच्या आहारावर बसवलेली असते, त्यामुळे भाजी एकदम सोडली तर आयएनआर वाढतो आणि एकदम भरपूर खाऊ लागलात तर तो घसरतो. आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवा. आजारपणात जेवण तुटले किंवा प्रतिजैविके सुरू झाली, तर आयएनआर लवकर तपासून घ्या.

काही लक्षणे मात्र आकड्याची वाट पाहू देत नाहीत, कारण आयएनआर मर्यादेत असतानाही रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लालसर लघवी, दहा मिनिटे दाबूनही न थांबणारा घोळणा, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागला आणि जखम दिसत नसली, रुग्ण नीट बोलत असला, तरीही जा. कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही लक्षणे दाखवते.