गणित बरोबर, मार्क कट: युनिट अन् राउंडिंगच्या चुका जुन्या पेपरातून कशा पकडायच्या

लातूर-नांदेडकडं पोरं दर आठवड्याला टेस्ट देतात, पेपर तपासून आला की टोटल बघतात अन् पेपर बॅगेत कोंबतात. तो पेपर अन् त्याचं सोल्युशन, दोन्ही काढा बाहेर. नवी गाइड घ्यायची गरज नाही.

आधी फक्त न्यूमेरिकल वेगळे काढा. मेथड बरोबर असून मार्क गेलाय अशा गणितांपुढं लाल पेनानं एकच शब्द लिहा, युनिट, अंक किंवा राउंडिंग. "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. बहुतेक पोरांची एकच चूक पुन्हा पुन्हा निघते, ती कोणती ते या खुणांवरून दिसतं.

आता एक गणित नीट बघू, बारावी केमिस्ट्रीचं. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन ५० मिनिटांत ४० टक्के पूर्ण होते, हाफ लाइफ किती?

```
k = (2.303/t) × log(a/(a−x))
t½ = 0.693/k
```

log(१००/६०) म्हणजे ०.२२१८, ते भरलं की k येतो ०.०१०२१६ प्रति मिनिट. इथंच गडबड होते. पोरगं म्हणतं "दोन डेसिमल घेतो" अन् लिहितं ०.०१. बघायला ठीक वाटतं, पण सुरुवातीचे शून्य सिग्निफिकंट नसतात, म्हणजे हातात राहिला फक्त एक अंक. पुढं हाफ लाइफ येते ६९.३, अन् अंक नीट ठेवले असते तर ६७.८ आली असती. बोर्डाच्या पेपरात कुणी चालवूनही घेईल, पण जेईई मेनच्या न्यूमेरिकलमधे नियरेस्ट इंटिजर मागतात, तिथं ६८ ऐवजी ६९ भरलं की संपलं, स्टेपला मार्क नाहीत. म्हणून डेसिमल मोजू नका, पहिल्या शून्य नसलेल्या अंकापासून मोजा. मधल्या पायरीत चार अंक ठेवा (०.०१०२२) अन् राउंडिंग एकदाच, शेवटी. बोर्डात कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबलच चार अंकी असतं, त्यामुळं हातानं करताना चाराच्या पुढं जाऊन काही फायदा नाही.

हेच गणित दोन गाइडमधे बघा, एकात ६७.८ सापडेल तर दुसऱ्यात ६७.९. कामून? दुसऱ्यानं k ला ०.०१०२ धरलाय. हे शोधणं हीच खरी प्रॅक्टिस आहे. सोल्युशनचं शेवटचं उत्तर झाका, एकेक पायरी स्वतः करा, कुठल्या ओळीत त्यांनी अंक तोडलाय त्यावर पेन्सिलनं गोल करा. मग मुद्दाम उलटं करा, ती ओळ अजून तोडा अन् उत्तर किती हलतं ते बघा. वजाबाकी असली तर जास्त सावध, कारण जवळजवळ सारखे दोन आकडे वजा केले की सुरुवातीचे अंक उडून जातात अन् उरतात तेच जे तुम्ही आधी तोडले होते.

युनिटचं वेगळं. जुन्या सोल्युशनमधे मधल्या ओळींना बहुतेक वेळा युनिट नसतंच, फक्त उत्तराला चिकटवलेलं असतं. तुम्ही प्रत्येक ओळीत भरा. वरच्या गणितात k ला मिनिट⁻¹, त्यानं ०.६९३ ला भागलं की मिनिट. भागायच्या जागी गुणलं असेल तर उत्तर मिनिट⁻¹ मधे येईल अन् चूक तिथंच दिसेल. अजून एक, प्रश्नात k सेकंदात मागितला असेल तर ६० नं भागायचं, १.७०३ × १०⁻⁴ सेकंद⁻¹. लय जण गुणतात, कारण "मिनिटाचे सेकंद करायचे तर गुणिले साठ" हे डोक्यात पक्कं बसलंय, पण इथं मिनिट खाली आहे. सोल्युशन वाचायच्या आधी प्रश्नातल्या मागितलेल्या युनिटखाली रेघ मारायची, तीच रेघ परीक्षेत पण.

अन् उत्तर लिहिल्यावर एक नजर अंदाजाची. ४० टक्क्याला ५० मिनिटं लागली तर ५० टक्क्याला थोडी जास्तच लागणार, म्हणून ६८ पटतं, ४० आलं असतं तर कुठंतरी घोळ आहे. पण ६९ सुद्धा पटतंच, म्हणजे अंदाजानं युनिटची अन् उलट-सुलट भागाकाराची चूक सापडते, राउंडिंगची नाही. ती फक्त ओळी परत बघूनच सापडते.

ज्या गणितापुढं लाल खूण आहे ते आठ-दहा दिवसांनी कोऱ्या कागदावर परत सोडवा, सोल्युशन न बघता. मेथड पाठ झालेली असणार, ते चालतंय, आपल्याला मेथड तपासायचीच नाही. तीच खूण परत पडली तर त्याच टाइपची अजून दोन-तीन गणितं जुन्या पेपरातून काढा, नवीन चॅप्टर नंतर.