ग्लोमेरुलसची गाळण स्थिर कशी राहते: दोन धमन्यांबाबतच्या या चुका टाळा

बेळगावात पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेताना मूत्रपिंडाच्या धड्यावर चुकीची उत्तरे दरवर्षी त्याच ठिकाणी येतात, आणि त्यामागे बहुधा गाईडमधील बाणांची आकृती न वाचता पाठ करण्याची घाई असते. एक बाण उलटला की पुढचे सारे उत्तर उलटे होते.

पहिली चूक म्हणजे मॅक्युला डेन्सा हा नलिकेतील पेशींचा पुंजका रक्तदाब मोजतो असे समजणे. ती नलिकेच्या वर चढणाऱ्या जाड भागाच्या शेवटी, स्वतःच्याच ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या, दोन धमन्यांना चिकटून असते आणि समोरून जाणाऱ्या द्रवातील मीठ तपासते. गाळण वाढली की तिथवर जास्त मीठ पोहोचते, एनकेसीसी२ या वाहकातून ते पेशींत शिरते, पेशी एटीपी बाहेर टाकतात आणि त्यापासून झालेले अडेनोसिन अफेरंट, म्हणजे रक्त आत आणणारी धमनी आकुंचित करते; यालाच ट्युब्युलोग्लोमेरुलर फीडबॅक किंवा टीजीएफ म्हणतात. अडेनोसिन इतरत्र बहुतेक रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून विद्यार्थी इथे अडखळतात. मीठ कमी पोहोचले तर अफेरंट सैल होते आणि रेनिन सुटते, ज्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन २ रक्त बाहेर नेणारी इफेरंट धमनी आवळते. ‘जास्त मीठ, म्हणून जास्त रेनिन’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता आकृती काढू देण्याआधीच मी विचारतो, मॅक्युला डेन्सापाशी मीठ वाढले की घटले?

फ्युरोसेमाइड दिल्यावर तिथे जास्त मीठ पोहोचते म्हणून अफेरंट आवळेल, असेही कोणी लिहू नये; ते औषध एनकेसीसी२ लाच बंद करते, म्हणून ते मीठ पेशींना कळतच नाही.

दुसऱ्या चुकीवर मात्र थोडे थांबावे लागेल. इफेरंट आवळली की गाळण वाढते, हे वाक्य अर्धेच खरे आहे. आमच्या भागातील ऊसवाल्यांची मुले सांगतात की पाटाचे खालचे दार लावले की पाणी तुंबते. दाबापुरते हे बरोबर आहे. पण पाटाचे पाणी दाट होत नाही, रक्तद्रव होतो. पाठ्यपुस्तकी आकडे घ्या: ग्लोमेरुलसमधील दाब ६०, त्याविरुद्ध कॅप्सूलचा दाब १८ आणि प्रथिनांचा पाणी ओढून धरणारा ऑन्कोटिक दाब ३२, म्हणजे गाळणीसाठी हाती उरतात जेमतेम १० मिमी पारा. मिनिटाला सुमारे ६२५ मिली रक्तद्रव येतो आणि त्यातील १२५ मिली, म्हणजे पाचवा हिस्सा, गाळला जातो. इफेरंट थोडी आवळली तर दाब वाढतो आणि गाळण किंचित वाढते. फार आवळली तर रक्तद्रवाचा प्रवाहच घटतो, उरलेल्यातून मोठा हिस्सा गाळला जातो, मागे राहिलेली प्रथिने दाट होतात आणि तो ३२ चा आकडा झपाट्याने चढून सारी कमाई खाऊन टाकतो. तेव्हा गाळण उतरू लागते.

हे कागदावरचे नाही. खानापूर तालुक्यातील साठीचे एक शेतकरी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि थायाझाइडची एकत्र गोळी घेत होते. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून रोज घ्यायला सुरुवात केली आणि त्यातच जुलाब लागले. ०.९ असलेले क्रिएटिनिन २.४ वर गेले. प्रकरण चर्चेला घेतले तेव्हा एका विद्यार्थ्याने ताबडतोब सांगितले, “सर, टीजीएफ फेल झाले.” तसे झाले नव्हते. थायाझाइड मॅक्युला डेन्साच्या पुढच्या भागात काम करते, त्यामुळे तिचे तपासणे शाबूत होते आणि मीठ कमी आल्याचा संदेशही बरोबर निघाला होता. पण शरीरातले पाणी घटलेले असताना अफेरंट सैल ठेवायला लागणारी प्रोस्टाग्लँडिन्स डायक्लोफेनॅकने थांबवली होती, आणि इफेरंट आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर टेल्मिसार्टनने अडवला होता. आत येणारा प्रवाह घटला आणि बाहेरची वाट मोकळी राहिली. मग तो १० मिमीचा फरक टिकणार कसा? लघवीत मातकट कास्ट नव्हते, म्हणजे नलिका मेल्याची खूण नव्हती. तिन्ही औषधे थांबवून सलाईन दिल्यावर क्रिएटिनिन पूर्ववत झाले.

अशा वेळी लघवीतील सोडियमवर घाईने निष्कर्ष काढू नये, कारण थायाझाइड ते मुळातच वाढवते. मी युरियाचे उत्सर्जन प्रमाण पाहतो, आणि ते ३५ टक्क्यांखाली असेल तर प्रवाह कमी पडल्याचा संशय बळावतो.

मधुमेहावरचे डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढले म्हणून औषध फेकून देणाऱ्यांनी पहिल्या चुकीचा परिच्छेद पुन्हा वाचावा: आधीच्या नलिकेत साखरेबरोबर सोडियमचे शोषण घटल्याने मॅक्युला डेन्सापाशी मीठ वाढते आणि अफेरंट आवळते. रुग्ण ठणठणीत असेल आणि क्रिएटिनिनची वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर मी औषध चालू ठेवून काही आठवड्यांनी तपासणी परत करतो. जुलाब-उलट्या चालू असतील तर मात्र तेही थांबवतो.