एनपीव्ही प्लसमध्ये आणि एनएफव्ही मायनसमध्ये येतोय? मग या चुका तपासा

'एनपीव्ही काढला तर प्रोजेक्ट करावा असं येतंय आणि एनएफव्ही काढला तर करू नये असं येतंय, मग धरायचं कुठलं?' हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की आता सगळं एकदाच लिहून टाकतो. एनपीव्ही म्हणजे येणाऱ्या पैशातून घातलेला पैसा वजा करून उरणारी आजच्या तारखेची किंमत, आणि एनएफव्ही म्हणजे तीच उरलेली किंमत शेवटच्या वर्षाअखेरची. दोन्हीची चिन्हं वेगळी आली असतील तर कुठलंच धरायचं नाही, कारण गणितात चूक झालीय. एकाच प्रोजेक्टचे तेच आकडे आणि तोच दर असेल तर आजच्या तारखेला हिशोब करा नाहीतर शेवटच्या वर्षाच्या, हो किंवा नाही हे उत्तर बदलूच शकत नाही.

का ते आधी बघू. लाकडी तेलघाण्याचं उदाहरण घेतो, आकडे सोपे केलेत. मशीन, शेड, वीज जोडणी मिळून आज 5,00,000 रुपये जाणार. तेल आणि पेंड विकून, करडई-शेंगदाणा-मजुरी सगळं वजा करून हातात राहणार पहिल्या वर्षाअखेर 1,80,000, दुसऱ्या 2,20,000, तिसऱ्या 2,40,000. तिसऱ्या वर्षानंतर मशीनची किंमत शून्य धरू. व्याजाचा दर वर्षाला 12 टक्के.

आजच्या तारखेला आणलं, म्हणजे जितक्या वर्षांनंतरचा पैसा तितक्यांदा 1.12 ने भागलं, तर हे तीन आकडे होतात 1,60,714, 1,75,383 आणि 1,70,827. बेरीज 5,06,924. त्यातून पाच लाख गेले की एनपीव्ही 6,924.

आता सगळं तिसऱ्या वर्षाअखेरीस न्या. पहिल्या वर्षाच्या पैशावर दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज म्हणून 2,25,792, दुसऱ्याच्या पैशावर एक वर्षाचं म्हणून 2,46,400, तिसऱ्याचे 2,40,000 तसेच. बेरीज 7,12,192. आणि आज घातलेल्या पाच लाखांवरही तीन वर्षांचं व्याज चढलंय, म्हणजे ते झाले 7,02,464. फरक 9,728, हा एनएफव्ही.

आता 6,924 ला 1.12 च्या घनाने, म्हणजे 1.404928 ने गुणा. 9,728 च येतात. बस, एनएफव्ही म्हणजे एवढंच, एनपीव्ही गुणिले एक धन संख्या, आणि धन संख्येने गुणून प्लसचा मायनस होत नाही. मधली तारीख घेतली तरी तेच, पहिल्या वर्षाअखेरीस हाच हिशोब 7,755 देतो. आकडा तारखेप्रमाणे बदलतो, चिन्ह बदलत नाही, आणि घ्यायचं की सोडायचं हे फक्त चिन्हावर ठरतं.

सगळ्यात महागातली चूक: आलेला पैसा पुढे नेला, घातलेला इथेच ठेवला

ही मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओळखीतला एक मुलगा असाच घाण्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला होता. शीट कुणाकडून तरी तयार आणलेली, त्यात फक्त आकडे भरलेले. फायदा दाखवत होती 2,12,192. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेरचे 7,12,192 वजा आजचे 5,00,000. तीन वर्षांनंतरच्या रुपयांतून आजचे रुपये वजा केले, हे मीटरमधून फूट वजा करण्यासारखं झालं, उत्तर येतं पण ते कशाचंच नसतं. मी म्हटलं अरे पाच लाखांवरचं व्याज कुठंय? तर म्हणाला, 'दादा, ते भांडवल आहे, त्याला कशाला व्याज, ते तर आजच गेलं ना.' आजच गेलं म्हणूनच तर त्याच्यावर सगळ्यात जास्त वर्षांचं व्याज चढतं, पण हे तोंडी सांगून त्याला पटेना.

मग मध्येच कर्जाचा दर 12 चा 13 झाला. त्याने शीटमध्ये 13 टाकलं आणि मला फोन केला, आवाजात आनंद, 'दादा, दर वाढला तरी फायदा वाढतोय, 2,18,442 झाला!' तेव्हा मात्र मी त्याला समोर बसवलं. तूच सांग, पैसा महाग झाला आणि कर्ज काढणाऱ्याचा फायदा वाढला, असं कसं होईल? तो गप्प झाला. शीटमध्ये दर वाढला की येणारे पैसे फुगत होते आणि पाच लाख तिथेच बसून होते, त्यामुळे जितकं महाग कर्ज तितका मोठा फायदा. मग पाच लाखांसमोर त्याच्याकडूनच 1.13 चा घन लावून घेतला. येणारे 7,18,442, घातलेले 7,21,448, एनएफव्ही उणे 3,006. एनपीव्ही काढला तर उणे 2,084. दोन्ही मायनस. जो प्रोजेक्ट 12 टक्क्यांना जेमतेम बसत होता तो 13 ला बसत नाही, आणि शीट म्हणत होती दोन लाखांहून जास्त फायदा. तयार शीट मागणाऱ्यांना मी म्हणूनच शीट देत नाही, चार ओळींचं गणित स्वतः मांडायला कंटाळा येत असेल तर पाच लाखांचं कर्ज काढायची घाई तरी करू नका.

दोन्हीचं शून्य मात्र एकाच दराला येतं हे लक्षात घ्या. या घाण्याचं ते पावणेतेरा टक्क्यांच्या जवळपास आहे, त्यालाच आयआरआर म्हणतात, आणि शून्याला कशानेही गुणा, शून्यच. म्हणून 12 ला दोन्ही प्लस आणि 13 ला दोन्ही मायनस.

एक सावधगिरी. 'दर वाढवून आकडा वाढला म्हणजे चूक' ही परीक्षा एनएफव्हीला डोळे झाकून लावू नका. एक लाख घालून वर्षात दोन लाख येत असतील आणि हिशोब तिसऱ्या वर्षाअखेरचा असेल तर बरोबर काढलेला एनएफव्हीसुद्धा 10 टक्क्यांना 1,08,900 आणि 12 टक्क्यांना 1,10,387 येतो, कारण लवकर आलेला पैसा पुढची दोन वर्षं वाढत राहतो. त्याच वेळी एनपीव्ही 81,818 वरून 78,571 वर उतरतो. चिन्ह दोन्हीकडे प्लसच. म्हणून शंका आली की मी आधी घातलेल्या रकमेच्या ओळीसमोर घात किती लावलाय ते बघतो, बाकी नंतर.

दोन प्रोजेक्टचे एनएफव्ही वेगवेगळ्या तारखांचे

होय-नाही साठी कुठलीही तारीख चालते, पण दोन प्रोजेक्टमध्ये कोण मोठा हे बघायचं तर दोघांची तारीख एकच हवी. समजा दुसरा एक प्रोजेक्ट सहा वर्षांचा आहे, एनपीव्ही 6,000. सहाव्या वर्षाअखेर त्याचा एनएफव्ही 11,843. लोक तो घाण्याच्या 9,728 शेजारी ठेवतात आणि म्हणतात बघा हा मोठा. अहो, एक तिसऱ्या वर्षाचा आकडा आणि एक सहाव्या वर्षाचा. घाण्याचाही सहाव्या वर्षाला न्या, 13,667 होतो, म्हणजे घाणाच पुढे, जसा तो एनपीव्हीतही पुढे होता. तीन वर्षांनी नवा घाणा परत बसवणार असाल तर तो वेगळा हिशोब, तो त्यात धरावा लागेल.

एक्सेलचं NPV

यात नवशिके हमखास फसतात. एक्सेलचं NPV फंक्शन यादीतली पहिलीच रक्कम एक वर्षानंतरची समजतं. B1 मध्ये -500000 आणि खाली तीन वर्षं असतील आणि चारही एकत्र दिले तर 6,182 येतं, 6,924 नाही. गंमत बघा, हा आकडा चूक असला तरी चिन्ह बरोबरच येतं, कारण नकळत तुम्ही सगळा हिशोब आजच्या एक वर्ष आधीच्या तारखेला नेलेला असतो, 6,924 भागिले 1.12. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग एनएफव्ही वेगळ्या पद्धतीने काढला की दोघांचा मेळ बसत नाही. नीट असं लिहा:

```
=NPV(12%,B2:B4)+B1
=FV(12%,3,0,-(NPV(12%,B2:B4)+B1))
```

दुसऱ्या ओळीतलं मायनस विसरलात तर 9,728 च्या जागी -9,728 येईल आणि चांगला प्रोजेक्ट वाईट दिसेल. मी स्वतः FV वापरतच नाही. शेजारी एक कॉलम करतो, प्रत्येक रकमेसमोर उरलेल्या वर्षांचा घात, पहिल्या ओळीत खर्च, खाली बेरीज. कुणालाही वाचता येतं.

दोन दशांश स्थळांचे तक्ते वापरू नका. 1.12 चा घन 1.40 धरला आणि वर्ग 1.25 धरला तर हाच एनएफव्ही 11,400 येतो, आणि आकडा शून्याच्या जवळ असेल तर चिन्हसुद्धा उलटू शकतं.

दर महिना 1 टक्का आणि वर्षाला 12 टक्के हे एक नाही, तीन वर्षांत एक 1.4308 होतो, दुसरा 1.4049. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो लावू नका.

दोन दर एकत्र

शेवटची चूक जरा हुशार लोक करतात. ते म्हणतात, एनएफव्हीत येणारा पैसा 12 टक्क्यांनी वाढतो असं धरलंय, पण मी तर तो एफडीत ठेवणार, 7 टक्क्यांनी. मग येणारे 7 ने वाढवतात, खर्च 12 ने वाढवतात, 6,81,482 वजा 7,02,464, उणे 20,982, आणि जाहीर करतात की एनपीव्ही खोटा आहे. एनपीव्ही खोटा नाही, तुम्ही प्रश्न बदललात. हाच आकडा 12 टक्क्यांनी आज आणा, उणे 14,935, तोही मायनसच. म्हणजे तारखेने काही उलटलं नाही, दुसऱ्या दराने उलटलं.

आणि मुळात घाण्यासाठी 12 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना आलेला पैसा 7 टक्क्यांच्या एफडीत का ठेवता? कर्जात भरलात की वाचणारं व्याज 12 टक्केच आहे, म्हणजे तो पैसा 12 नेच वाढला. कर्जात आधी भरता येत नसेल आणि दुसरीकडे कुठे लावायलाही जागा नसेल तर मात्र 7 चा मुद्दा खरा आहे, पण मग एफडीत पैसा टाकणं हा वेगळा, तोट्याचा निर्णय तुम्ही घाण्याच्या खात्यावर मांडताय. तो शीटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे घाणा 6,924 देतोय आणि एफडी त्यातून किती खातेय हे दोन्ही वेगवेगळं दिसेल.