आलेखातील खड्डा भरून निघतो का, ते पाहावे

मालवणच्या बंदरावरून सुरू होणाऱ्या आमच्या बांगड्याच्या तिखल्याच्या व्हिडिओत, यूट्यूब स्टुडिओमधील प्रेक्षक टिकण्याचा आलेख दुसऱ्या मिनिटाला खाली गेला आणि तिरफळे ठेचण्याच्या दृश्यापाशी पुन्हा वर आला. निघून गेलेला प्रेक्षक सहसा परतत नाही. म्हणून असा भरून निघणारा खड्डा दिसला, की लोकांनी मधला भाग ओलांडून पुढे उडी घेतली असे समजावे. पुढच्या संपादनात मासे घेतानाचे लांबलेले संभाषण कापून तिरफळांचे दृश्य आधी आणणे मला योग्य वाटले. रेषा खाली जाऊन तिथेच राहिली, तर मात्र घसरण सुरू होण्याच्या लगेच आधीचे वाक्य ऐकावे, कारण पुष्कळदा तिथे विषय संपल्याचा भास होतो. उंचवटा नेहमीच आवड दाखवत नाही. मसाल्याचे प्रमाण नीट ऐकू न आल्यानेही लोक मागे जाऊन पाहतात.