घर स्वतःसाठी हवंय: भाडेकरूकडून ताबा मागताना गरज कशी सिद्ध करायची

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाडेकरूकडून ताबा मागण्याची कारणं कलम १६ मध्ये दिली आहेत. त्यांतल्या ‘जी’ खंडानुसार, जागा घरमालकाला स्वतः वापरण्यासाठी ‘वाजवी आणि प्रामाणिकपणे’ हवी असेल तर न्यायालय ताब्याचा हुकूमनामा देऊ शकतं. हे वाचून अनेक घरमालकांना वाटतं की आपली जागा आपल्याला हवी एवढं सांगितलं की काम झालं. प्रत्यक्षात असे दावे फेटाळले जातात तेव्हा गरज खोटी असतेच असं नाही. बऱ्याचदा ती वादपत्रात, म्हणजे न्यायालयात दाखल केलेल्या लेखी दाव्यात, अर्धवट लिहिलेली असते, किंवा घरमालकाची दुसरी जागा उलटतपासात बाहेर येते.

आधी आपला मामला या कलमात बसतो का ते पाहा. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली राहती जागा असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं आणि तिथे गरज सिद्ध करावी लागत नाही. बँका, सरकारी उपक्रम किंवा एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना या कायद्याचं संरक्षणच नाही. पुढचं सगळं जुन्या, संरक्षित भाडेकरूंबद्दल आहे. त्यात पागडीची जागाही आली.

दावा कुठे आणि कोणी करायचा

मुंबईत लघुवाद न्यायालयात, पुण्यासारख्या ठिकाणी तिथल्या लघुवाद न्यायालयात आणि असं न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा होतो. मालकी भावंडांत सामाईक असली तरी इतरांची हरकत नसेल तर एका सहमालकाला दावा करता येतो. शक्य असेल तर सगळ्यांना वादी करा. नाहीतर ‘बाकीच्या भावांची संमती कुठे आहे’ हा प्रश्न वर्षभर खातो. या कारणासाठी आधी नोटीस देण्याची सक्ती नाही. तरीही वकिलामार्फत एक नोटीस जरूर पाठवा आणि तिच्यात गरज नीट लिहा. नोटिशीत एक कारण आणि दाव्यात दुसरं, असं झालं तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

वादपत्रातली गरज मोजून लिहा

‘वादीचं कुटुंब मोठं असून त्याला जागेची नितांत गरज आहे’ हे वाक्य हजारो वादपत्रांत आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे. पुराव्याच्या वेळी वादपत्रात नसलेली गोष्ट सांगू लागलात तर समोरचा वकील हरकत घेतो आणि ती बहुधा टिकते. म्हणून पुढे जे सिद्ध करायचं आहे, ते सगळं वादपत्रातच आलं पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात नारायण पेठेत तीन मजली जुनी इमारत आहे. मालक ७१ वर्षांचे. पत्नी, मुलगा, सून, १४ वर्षांची नात आणि ९ वर्षांचा नातू यांच्यासह ते दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, ३४० चौरस फुटांत राहतात. जिना लाकडी, ३८ पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. पत्नीचे दोन्ही गुडघे निकामी होत आले आहेत. तळमजल्यावरच्या ३१० चौरस फुटांच्या दोन खोल्या १९७८ पासून भाडेकरूकडे आहेत. याशिवाय पहिल्या मजल्यावर १४० चौरस फुटांची एक खोली आहे. ती २०२१ मध्ये रिकामी झाली आणि मालकांनी दोन वर्षं एका दुकानदाराला गोदाम म्हणून दिली. आता तिथे त्यांचं जुनं सामान आहे.

यात गरजा दोन आहेत: वृद्ध जोडप्याला जिना नसलेली जागा आणि मुलाच्या कुटुंबाला राहायला मोकळीक. दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत, माणसांची वयं, खोल्यांची मापं आणि पायऱ्यांची संख्या देऊन लिहायच्या. ताबा मिळाल्यावर तळमजल्यावर कोण राहील आणि वर कोण, हेही सांगायचं. ‘स्वतःच्या वापरात’ कुटुंबातल्या अवलंबून असलेल्या माणसांचा वापर येतो, त्यामुळे मुलासाठी जागा मागायला हरकत नाही.

दुसरी जागा स्वतःच सांगा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा चुकते. आपल्या उदाहरणातल्या मालकांना पहिल्या मजल्यावरची खोली न सांगण्याचा मोह होणार, ‘ती कुठे घर आहे?’ असं म्हणून. पण भाडेकरू त्याच इमारतीत राहतो, त्याला सगळं दिसत असतं. लपवलेली खोली उलटतपासात निघाली की मुद्दा १४० चौरस फुटांचा राहत नाही, घरमालकाच्या प्रामाणिकपणाचा होतो. कलमात ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द आहे, त्यामुळे घाव नेमका तिथे बसतो.

वादपत्रातच लिहायचं की ही खोली आहे, तिच्यात संडास नाही, तिथे जायलाही १९ पायऱ्या चढाव्या लागतात आणि म्हणून ती पत्नीच्या उपयोगाची नाही. २०२१ मध्ये ती भाड्याने का दिली याचंही उत्तर हवं: तेव्हा पत्नीला जिना चढता येत होता, त्रास २०२३ पासून वाढला, आणि उपचाराचे कागद त्या तारखांशी जुळतात. तारखा जुळत नसतील तर दावा घाईने करू नका. बाहेरगावचा फ्लॅट, पत्नीच्या नावावरची जागा, नुकतीच विकलेली खोली, हे सगळं सांगावं लागतं. जागा असली की गरज संपली असा नियम नाही. ती जागा त्या गरजेला पुरेशी आणि सोयीची आहे का, हे न्यायालय बघतं.

पुरावा: कागद आणि माणूस

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या शिवसरूप गुप्ता खटल्यात कसोटी स्पष्ट केली: नुसती इच्छा पुरत नाही, गरज खरी आणि मनापासूनची हवी, आणि न्यायाधीशाने स्वतःला घरमालकाच्या जागी ठेवून विचार करायचा. आपल्या गरजेचा उत्तम न्यायाधीश घरमालकच, भाडेकरूने त्याला ‘इथे राहा, तिथे राहा’ असं शिकवू नये, हेही न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. पण ही वाक्यं पुरावा झाल्यानंतर कामी येतात, पुराव्याऐवजी नाही.

मुख्य तपासाचं शपथपत्र घरमालकाने स्वतः द्यावं. मुखत्यारपत्र देऊन पुतण्याला पिंजऱ्यात उभं करणं ही ठरलेली चूक आहे. दुसऱ्याच्या मनातल्या गरजेबद्दल मुखत्यार साक्ष देऊ शकत नाही. जागा मुलासाठी असेल तर मुलाची साक्ष झालीच पाहिजे असं नाही, पण तो उपलब्ध असून आलाच नाही तर प्रश्न उभा राहतो.

सोबत शिधापत्रिका, नातवंडांचे शाळेचे दाखले, मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या आणि वास्तुविशारदाने काढलेला तिन्ही मजल्यांचा नकाशा द्यावा. गुडघ्यांसाठी नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही. समोरच्याने ते नाकारलं तर डॉक्टरांना बोलवावं लागतं, म्हणून ज्यांनी खरोखर उपचार केले त्यांचेच कागद घ्या. मोबाइलवर काढलेले फोटो द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. जागेबद्दल दोन्ही बाजू वेगळं सांगत असतील तर जागा पाहून न्यायालयाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज करता येतो.

गरज धंद्याची असेल तरी पद्धत हीच. मुलाला दुकान काढायचं असेल तर त्याला त्या धंद्याचा अनुभव हवाच असं नाही. पण भांडवल कुठून येणार आणि आज तो काय करतो, याचं साधं उत्तर तयार हवं.

अडचण कोणाची मोठी?

गरज सिद्ध झाली तरी कलम १६ (२) शिल्लक असतं. हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास न दिल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा असेल, तर न्यायालय ताबा नाकारू शकतं. दोघांना दुसरी वाजवी जागा मिळू शकते का, हे इथे तपासलं जातं. आपला त्रास मोठा आहे हे दाखवायचं ओझं मुख्यतः भाडेकरूवर येतं. त्याने दुसरी जागा शोधण्याचा प्रयत्नही केला नसेल तर ते त्याच्या विरोधात जातं.

म्हणून घरमालकाने भाडेकरूची परिस्थितीही वादपत्रात मांडावी. उदाहरणातल्या भाडेकरूच्या मुलाने धायरीत फ्लॅट घेतला आहे, असं समजा. नोंदणी कार्यालयातून त्या खरेदीच्या नोंदीचा उतारा, म्हणजे इंडेक्स-२ ची प्रत, काढून दाखल करा. ‘ऐकिवात आहे’ याला किंमत नाही. उलट, भाडेकरूच्या बाजूने असाल तर कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, नुसतं ‘नाकबूल’ लिहू नका. घरमालकाच्या इतर जागा, त्यांची मापं, त्या कधी रिकाम्या झाल्या आणि कोणाला दिल्या, हे नेमकं लिहा. तुम्ही कुठे जागा पाहिल्या आणि त्यांचं भाडं का झेपत नाही, याचाही पुरावा ठेवा.

याच पोटकलमात अर्धा ताबा देण्याची सोय आहे. एक खोली देऊन गरज भागत असेल तर न्यायालय तेवढ्यापुरताच हुकूमनामा देऊ शकतं. इथे नकाशा उपयोगी पडतो: मोरी आणि पाण्याचा नळ आतल्या खोलीत, तिथे जायचा रस्ता बाहेरच्या खोलीतून, म्हणजे वाटणी केली तर एकाला पाणी नाही आणि दुसऱ्याला दार नाही. हे साक्षीत सांगितलं नाही तर निकालात ते आपोआप येणार नाही.

निकालापर्यंत आणि त्यानंतर

गरज साधारणपणे दावा दाखल केल्याच्या तारखेची पाहिली जाते, कारण खटल्याला लागलेल्या वर्षांची शिक्षा वादीला देणं बरोबर नाही. नंतरच्या घटनेने ती गरज पूर्णच संपली असेल, तर मात्र फरक पडतो. उदाहरणार्थ, मुलाने मधल्या काळात मोठा फ्लॅट घेतला. अशी गोष्ट लपवू नका. ज्यांच्यासाठी जागा मागितली त्यांचं निधन झालं, तर वारसांनी आपली गरज वादपत्रात दुरुस्ती करून मांडावी.

निकालावर अपील ३० दिवसांत होतं. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच अपील पीठापुढे जातं, बाकी ठिकाणी जिल्हा न्यायालयात.

ताबा मिळाल्यावर कलम १७ सुरू होतं. एका महिन्यात तिथे राहायला गेला नाहीत, किंवा एका वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जुना भाडेकरू ताब्याच्या तारखेपासून १३ महिन्यांत अर्ज करून जागा परत मागू शकतो. म्हणून बेलिफाने ताबा दिल्याचा कागद जपा, तळमजल्याची डागडुजी करायची असली तरी निदान एका खोलीत सामान आणि माणूस महिन्याच्या आत हलवा, आणि पहिल्या महिन्यांची वीजबिलं फाइलला लावून ठेवा.