शॉपिंगचं खातं बंद करायचंय? आधी कार्ड, मग पत्ते, खातं सगळ्यात शेवटी

'अ‍ॅप काढून टाक, झालं काम' असा सल्ला देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. अ‍ॅप गेलं की फोनमधली जागा रिकामी होते, बाकी खातं, कार्ड, पत्ते कंपनीकडे जसेच्या तसे राहतात. घरच्यांची, शेजाऱ्यांची मिळून बरीच खाती मी बंद करून दिली आहेत. पहिल्याच खात्यात चांगला फसलो, म्हणून हा क्रम.

आधी लागतील ती बिलं उतरवून घ्या. फ्रिज-मिक्सरची वॉरंटी त्यांवरच चालते आणि खातं गेल्यावर ती मिळत नाहीत. अडकलेला रिफंड येऊ द्या, वॉलेटमधले पैसे आणि गिफ्ट कार्ड संपवा. त्याच लॉगिनवर आणखी काय चालतं तेही बघा. अ‍ॅमेझॉनचं खातं बंद केलं की किंडलवर विकत घेतलेली पुस्तकंही जातात.

आता कार्ड. माझी चूक इथेच झाली.

मावशीच्या खात्यात दोन कार्डं होती. मी थेट खातंच बंद केलं, म्हटलं कार्डं आपोआप जातील. काही महिन्यांनी तिला बँकेचा मेसेज आला, उद्या सदस्यत्वाचे पैसे कापले जाणार. ते रद्द करायला लॉगिन हवं आणि लॉगिन तर मीच संपवलेलं. ग्राहक सेवेत फोन केला तर उत्तर आलं, 'या नंबरवर खातंच नाही.' शेवटी काम झालं ते बँकेच्या साइटवरून.

घोळ समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातल्या दुकानांना तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता एक पर्यायी नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. पडद्यावर दिसतात ते फक्त शेवटचे चार आकडे. दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट, ही आणखी वेगळी गोष्ट. तिची नोंद बँकेकडेही असते.

म्हणून मी आता तीन जागी हात घालतो, याच क्रमाने. आधी दुकानाच्या साइटवर सदस्यत्व रद्द, मग तिथेच कार्ड काढणं. त्यानंतर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या विभागात जाऊन मॅन्डेटची यादी. तो पर्याय बहुधा `Standing Instructions` किंवा `Manage Mandates` अशा नावाखाली असतो; काही बँकांनी त्यासाठी वेगळी साइट ठेवली आहे. शेवटी टोकनची यादी. कुठल्या दुकानाकडे तुमच्या कार्डाचं टोकन आहे हे दाखवणं आणि ते रद्द करू देणं बँकेला बंधनकारक आहे, तेव्हा 'अशी सोय नाही' म्हणणाऱ्या काउंटरवरून हलू नका. यूपीआयने पैसे कापले जात असतील तर ऑटोपे यूपीआय अ‍ॅपमध्ये बंद करा.

पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं. तो मेसेज वाचा, पण त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा.

कार्ड खरंच गेलं का, हे बघायला कार्टमध्ये काहीही टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत जा. तिथे चार आकडे दिसले तर अजून आहे. मात्र पूर्ण नंबर आपोआप भरला गेला तर तो ब्राउझरने भरलाय, दुकानाने नाही. क्रोममध्ये `Payment methods` मधून तो काढा आणि पत्ते त्याच्या शेजारच्या भागातून.

पत्ते एकेक करून काढायचे, त्यात अवघड काही नाही. फक्त प्रत्येक पत्त्याखालच्या डिलिव्हरीच्या सूचना वाचा. मावशीच्या डोंबिवलीच्या पत्त्याखाली लिहिलं होतं, 'दुपारी घरी कोणी नसतं, चावी शेजारी.' शिवाय लेकाचं हॉस्टेल, बहिणीचं घर, त्यांचे फोन नंबर. जुन्या बिलांवरचा पत्ता मात्र तुमच्या हातात नाही. जीएसटीच्या नियमांमुळे कंपनीला हिशेब काही वर्षं ठेवावेच लागतात.

आता खातं. `Deactivate` आणि `Delete` असे दोन पर्याय असतील तर दुसराच निवडा. पहिल्याने खातं फक्त झोपतं, पुन्हा लॉगिन केलं की उठून बसतं. ओटीपी किंवा मेलवरची खात्री राहिली तर अर्ज तसाच पडून राहतो, म्हणून तो नंबर आणि मेल तोपर्यंत चालू ठेवा. अर्ज स्वीकारल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मधल्या दिवसांत 'गेलं का बघू' म्हणून लॉगिन करू नका. काही ठिकाणी तेवढ्याने अर्ज रद्द होतो.